चतु:सीमेचे चार फोटो: तीन गुंठ्यांचा प्लॉट, शेजारची गच्ची आणि ६० मीटरची मर्यादा

प्रकरण नमुन्याचं आहे, पण यातली जागा, अंतरं आणि अडचणी निफाड तालुक्यात रोज भेटणाऱ्या आहेत. पिंपळगाव बसवंतच्या पुढे, ओझर विमानतळाच्या हद्दीपासून सरळ रेषेत साधारण दहा किलोमीटरवर एक मंजूर बिनशेती रेखांकन आहे. त्यातला १५ मीटर बाय २० मीटरचा, म्हणजे ३०० चौरस मीटरचा, बोलीभाषेत तीन गुंठ्यांचा प्लॉट मालकाला विकायचा आहे. उत्तरेला ९ मीटरचा अंतर्गत रस्ता, प्लॉटचं तोंड तिकडेच. पूर्वेला ४५ मीटरवर ओढा आणि त्यापलीकडे गावठाण. दक्षिणेला ७० मीटरवर १३२ केव्हीची उच्चदाब वाहिनी. पश्चिमेला चार मोकळे प्लॉट, मग द्राक्षबाग आणि १८० मीटरवर पोल्ट्रीची शेड. मुंबई–आग्रा महामार्ग सरळ रेषेत १.४ किलोमीटर, गाडीने २.३ किलोमीटर.

बघणारे गिऱ्हाईक बहुतेक मुंबई-पुण्याचे, काही परदेशात असलेले. जमिनीवर उभं राहून काढलेल्या फोटोत त्यांना कुसळं, एक दगड आणि आभाळ दिसतं. आजूबाजूला काय आहे हे कळत नाही. म्हणून वरून फोटो काढायचे ठरलं. असे फोटो कसे काढायचे आणि कुणाची परवानगी घ्यायची, हे दोन्ही प्रश्न एकाच कागदावरून सोडवता येतात. तो कागद म्हणजे खरेदीखतातली चतु:सीमा.

खतात पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस असा क्रम असतो. फोटोही त्याच क्रमाने आणि त्याच दिशांचे काढले की गिऱ्हाइकाला खत आणि चित्र शेजारी ठेवून ताडता येतं, आणि कोणती बाजू जाहिरातीतून गळली आहे हे लगेच उघडं पडतं. ‘सुंदर दिसतो तो कोन’ शोधत गेलं की ओढा आणि तारा हमखास गळतात, बहुतेक वेळा कुणी मुद्दाम न गाळताही. ते कसं होतं हे पुढे आकड्यांत येईल.

आधी प्लॉट दिसला पाहिजे

वरून पाहिल्यावर मोकळे प्लॉट एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्याच्या आधीचं काम जमिनीवरचं आहे. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात घेऊन चारही कोपऱ्यांचे हद्दीचे दगड शोधायचे. गवतात गडप झाले असतील तर आधी गवत काढायचं. प्रत्येक दगडालगत दोन मीटरचा बांबू रोवून त्यावर साधारण दोन फूट बाय दोन फूट कापड बांधायचं. उन्हात पांढरं कापड जळून गेल्यासारखं दिसतं आणि हिरवं पिकात मिसळतं, म्हणून लाल किंवा भगव्याच्या जवळचा रंग बरा. वरून घेतलेल्या फोटोत उभं कापड पातळ रेघेसारखं दिसतं, तेव्हा दगडापाशी जमिनीवरही त्याच रंगाचा एक तुकडा चार खड्यांनी दाबून ठेवायचा.

दगड न शोधता कुंपणाच्या कोपऱ्यांना झेंडे लावले की हद्द चुकते. तारेचं कुंपण दगडापासून एक-दीड मीटर आत-बाहेर असणं नेहमीचं आहे, आणि १५ मीटरच्या रुंदीत तेवढा फरक मोठा आहे. या प्रकरणात आग्नेय कोपऱ्याचा दगड सापडतच नव्हता. अशा वेळी बाकीच्या तीन दगडांवरून चौथा अंदाजाने धरून फोटोवर ठळक रेघ ओढू नये. त्या कोपऱ्यावर झेंडा न लावता फोटोखाली ‘आग्नेय कोपऱ्याची खूण जागेवर नाही’ असं लिहावं, आणि व्यवहार ठरत आला की भूमि अभिलेख खात्याकडून हद्द कायम करून घ्यावी. महाभूनकाशावरचा गट नकाशा उपग्रह चित्रावर चढवून हद्द दाखवायचा मोह होतो. पण तो नकाशा गट ओळखण्यासाठी आहे. दोन्ही चित्रांत काही मीटरचा सरक सहज असतो, आणि तीन गुंठ्यांत काही मीटर म्हणजे शेजाऱ्याची जागा.

गच्चीवरून काय मिळतं

प्लॉटच्या उत्तरेला, पुढच्या हद्दीपासून ८० मीटरवर एक चार मजली सोसायटी आहे. गच्चीवर उभ्या माणसाचा कॅमेरा जमिनीपासून साधारण १५ मीटरवर येतो. खर्च नाही, ड्रोनचे नियम लागू नाहीत, वाऱ्याची भीती नाही. अनेकांना इथे काम संपल्यासारखं वाटतं. भूमिती मात्र वेगळं सांगते.

८० मीटर लांबून १५ मीटर उंचीवरून पाहिलं तर प्लॉटची पुढची कड नजरेखाली साडेदहा अंशांवर दिसते आणि २० मीटर मागची कड साडेआठ अंशांवर. म्हणजे प्लॉटची अख्खी खोली दोन अंशांत दाबली जाते, तर १५ मीटरची रुंदी जवळपास अकरा अंश व्यापते. प्रत्यक्षात रुंदीपेक्षा खोली जास्त असलेला प्लॉट फोटोत पाचपट रुंद, चिंचोळ्या पट्टीसारखा दिसतो. म्हणून गच्चीवरच्या फोटोवरून प्लॉटचा आकार सांगायला जाऊ नये. त्याचं काम परिसर दाखवण्याचं: रस्ता कसा येतो, शेजारी घरं किती झाली आहेत, मागे तारा कुठून जातात, क्षितिजावर महामार्ग कुठे आहे.

मोबाइलच्या नेहमीच्या भिंगाने या अंतरावरून प्लॉट चौकटीच्या सातव्या भागाएवढा येतो. तीनपट भिंगाने तो रुंदीच्या दोन-पंचमांशापर्यंत भरतो. दोन्ही फोटो घ्यावेत, पण तीनपट भिंगाचा एक दोष लक्षात ठेवून. लांबचं भिंग मागचं सगळं पुढे ओढतं. त्यातून पाहिलं की लांबवरचा महामार्ग प्लॉटच्या मागेच लागून असल्यासारखा वाटतो, आणि तारांचा मनोराही डोक्यावर आल्यासारखा. पहिला परिणाम विकणाऱ्याला आवडतो, दुसरा आवडत नाही, आणि दोन्ही खोटे आहेत. उपाय साधा आहे. तीनपट फोटोत जे जे मागे दिसतं त्याचं अंतर फोटोवरच मीटरमध्ये लिहायचं, आणि महामार्गाचं अंतर सरळ रेषेचं न देता गाडीने जायचं द्यायचं. इथे ते २.३ किलोमीटर आहे, तेच लिहायचं.

दुसरी अडचण सूर्याची. गच्ची उत्तरेला, कॅमेरा दक्षिणेकडे. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेला झुकलेला असतो. डिसेंबरात भर दुपारीही तो नाशिकच्या आकाशात ४७ अंशांच्या आसपासच चढतो. दुपारी बाराला काढलेला फोटो थेट उजेडासमोरचा, पांढुरका येतो आणि झेंडे ओळखूही येत नाहीत. सकाळी फार लवकर गेलं तर द्राक्षबागांवर धुकं असतं. या जागेला हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमाराची वेळ साधते. सूर्य नैऋत्येला, कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूला असतो आणि हद्दीच्या दगडांच्या, बांधांच्या सावल्या जमिनीचा उतार दाखवतात. भिंगावर हाताची सावली धरावी. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा हा प्रश्न उरत नाही, पण दुपारी सावलीच पडत नसल्याने उतार कळेनासा होतो.

गच्चीची परवानगी

गच्ची ही सोसायटीची सामाईक जागा आहे. वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्या माणसाने किल्ली दिली म्हणजे परवानगी झाली असं होत नाही, विशेषतः फोटो जाहिरातीत वापरायचे असतील तर. सचिवांच्या नावे एक पानाचा अर्ज द्यायचा आणि त्याच कागदावर ‘परवानगी दिली’ असा शेरा, सही, शिक्का घ्यायचा. अर्जात काय असावं याचा मजकूर असा चालतो:

‘महोदय, आपल्या सोसायटीच्या दक्षिणेस असलेल्या गट क्र. …, प्लॉट क्र. … च्या विक्रीच्या जाहिरातीसाठी आपल्या गच्चीवरून छायाचित्रे घेण्याची परवानगी मिळावी. दिनांक … रोजी दुपारी ३.३० ते ५ या वेळेत आमची दोन माणसे येतील. छायाचित्रे फक्त दक्षिण दिशेची असतील. आपल्या इमारतीचे घरांचे भाग किंवा रहिवासी त्यात ओळखू येतील असे येणार नाहीत. छायाचित्रे सदर प्लॉटच्या जाहिरातीखेरीज अन्य कारणासाठी वापरली जाणार नाहीत व विक्री झाल्यावर किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, जाहिरातीतून काढली जातील. सोसायटीचे नाव छायाचित्राखाली दिले जाणार नाही.’

शेवटचं वाक्य बरेच जण विसरतात. ‘अमुक सोसायटीच्या गच्चीवरून’ असं लिहिलं की गिऱ्हाईक थेट त्या सोसायटीच्या वॉचमनकडे चौकशीला जातात, आणि पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही. फोटोखाली ‘उत्तरेकडील इमारतीच्या गच्चीवरून, संबंधितांच्या लेखी संमतीने’ एवढं पुरतं. मूळ कागद मालकाकडे राहील आणि दलालाकडे त्याची प्रत.

गच्चीवर पाण्याच्या टाकीवर चढून आणखी दोन मीटर उंची मिळवायचा प्रयत्न करू नये. १५ ऐवजी १७ मीटर झाले तरी वर सांगितलेला दोन अंशांचा आकडा जेमतेम अडीचवर जातो. एवढ्यासाठी कुणी पडायचा धोका घ्यायचा नाही. मोबाइल काठीवर लावून कठड्याबाहेर काढायचा असेल तर त्याला मनगटाला बांधलेली दोरी हवी.

ड्रोन: आधी नकाशा

ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले. त्यांतला आपल्या कामाचा भाग थोडा आहे. केंद्र सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावरच्या नकाशात देशाचं आकाश हिरवं, पिवळं आणि लाल असं वाटलेलं आहे. हिरव्यात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा ६० मीटर, म्हणजे २०० फूट होते. त्यावर गेलं की पिवळं क्षेत्र, आणि तिथे त्या विमानतळाच्या हवाई नियंत्रणाची परवानगी लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही.

आपला प्लॉट ओझरपासून दहा किलोमीटरवर, म्हणजे नेमका या पट्ट्यात. अंतर मोजताना धावपट्टीच्या मध्यापासून न मोजता विमानतळाच्या हद्दीच्या भिंतीपासून मोजायचं, नाहीतर एक-दीड किलोमीटरचा फरक पडतो. अर्थात आपण मोजलेलं अंतर फक्त अंदाजाला. जागेचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकून रंग बघायचा आणि त्या पडद्याचं चित्र तारखेसह जतन करायचं. नाशिक परिसरात संरक्षण खात्याच्या जागा बऱ्याच आहेत, त्यामुळे चार किलोमीटर अलीकडे-पलीकडे रंग बदलतो. शेजारच्या गावात कुणी उडवला होता हे आपल्याला कामाचं नाही.

हिरवा रंग आला तरी आणखी एक गोष्ट पाहायची. पोलिस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखादं ठिकाण एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरतं लाल जाहीर करू शकतो. मंत्र्यांचा दौरा, मिरवणूक, सिंहस्थाची गर्दी अशा वेळी हे होतं. याखेरीज भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश निघतात, त्यांत ड्रोनचाही उल्लेख असू शकतो. म्हणून उड्डाणाच्या दोन-तीन दिवस आधी स्थानिक पोलिस ठाण्यात साधं पत्र द्यायचं: जागा, तारीख, वेळ, उंची, ड्रोनचा नोंदणी क्रमांक, चालवणाऱ्याचा संपर्क. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यायची. हिरव्या क्षेत्रात हे पत्र म्हणजे परवानगीचा अर्ज नाही. पण ड्रोन वर गेल्यावर गावातून कुणी तरी फोन करणारच, आणि तेव्हा ठाणे अंमलदाराला विषय माहीत असला की काम थांबत नाही. शिवाय मनाई आदेश लागू असेल तर पत्र देतानाच कळतं.

कुणाचा ड्रोन

या प्रकरणात मालकाच्या भाच्याकडे २४९ ग्रॅमचा छोटा ड्रोन होता. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो. त्याला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या मान्यतेचा दाखला, लागत नाही आणि त्रयस्थाच्या विम्याचीही सक्ती नाही. पण हे वजन उडतानाचं धरायचं असतं. भाच्याने जास्त वेळ उडावा म्हणून मोठी बॅटरी घेतलेली होती, वर पंख्यांना संरक्षक कड्या. काट्यावर ठेवल्यावर ते ३०० ग्रॅमच्या आसपास गेलं, म्हणजे ड्रोन नॅनोतून मायक्रो वर्गात गेला.

मायक्रो म्हणजे २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंत. हौसेसाठी मायक्रो उडवायला वैमानिक प्रमाणपत्राची गरज नाही, व्यावसायिक कामासाठी आहे. प्लॉट विकण्याच्या जाहिरातीसाठी काढलेला फोटो हौसेचा म्हणता येणार नाही, मग भाच्याने पैसे घेतलेले असोत वा नसोत. मोठी बॅटरी काढून मूळची बसवली, कड्या काढल्या तर वर्गाचा प्रश्न सुटतो. मात्र आकाशाच्या रंगाचे आणि उंचीचे नियम नॅनोलाही तसेच लागू राहतात. ड्रोन परदेशातून आणलेला असेल तर आणखी सावध राहायला हवं. ९ फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, अपवाद संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन-विकासाचे. नियमांच्या भंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

इथे शेवटी व्यावसायिक चालक बोलावायचं ठरलं, आणि ते योग्य होतं. कारण जवळ उच्चदाब वाहिनी आहे आणि २५० ग्रॅमचा ड्रोन दुपारच्या वाऱ्यात तिकडे ढकलला जाऊ शकतो. चालकाकडून चार कागद आधी मागायचे: ड्रोनचा विशिष्ट ओळख क्रमांक, त्या मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट, चालकाच्या स्वतःच्या नावचं वैमानिक प्रमाणपत्र आणि चालू विमा. प्रमाणपत्र कंपनीच्या मालकाचं आणि उडवायला येणारा मुलगा दुसराच, असं अनेकदा होतं. येणाऱ्याचं नाव विचारून ताडावं. हे कागद जाहिरातीत लावायचे नसतात, फाइलला ठेवायचे असतात.

किती उंचीवरून

मालकाची इच्छा ‘जितकं वर जाईल तितकं’ अशी असते. नियम क्षणभर बाजूला ठेवले तरी ती उपयोगाची नाही. नेहमीच्या ड्रोन कॅमेऱ्याने सरळ खाली पाहिलं तर चौकटीत उंचीच्या साधारण दीडपट रुंदी येते. १२० मीटरवरून जवळपास १८० मीटर रुंद पट्टा दिसेल आणि त्यात १५ मीटरचा प्लॉट बाराव्या भागाएवढा. मोबाइलच्या पडद्यावर तो नखाएवढाही राहत नाही. ४५ मीटरवरून मात्र सुमारे ६५ बाय ५० मीटरची चौकट मिळते, प्लॉट स्पष्ट, कोपऱ्यांचे झेंडे वेगळे, रस्ता आणि दोन्हीकडचे प्लॉट दिसतात. ६० मीटरची मर्यादा इथे अडचण नाहीच.

आता गळणारी गोष्ट. ४५ मीटरवरून प्लॉटच्या मधोमध काढलेल्या खालच्या फोटोत कडा मध्यापासून ३३ मीटरपर्यंत पोहोचतात. पूर्वेचा ओढा प्लॉटच्या मध्यापासून ५२ मीटरवर आहे. ६० मीटर उंची केली तरी कड ४५ मीटरलाच संपते. ओढा दोन्ही वेळा चौकटीबाहेर राहतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, पूर्वेला मोकळी जागा आहे. पावसाळ्यात गिऱ्हाईक जागेवर आलं की मालकाने ओढा लपवला अशी समजूत होते. म्हणून वरून सरळ खाली असे दोन फोटो: एक प्लॉटवर मध्य धरून, दुसरा मध्य २५ मीटर पूर्वेला सरकवून, ज्यात प्लॉट आणि ओढा दोन्ही येतात. ओढ्याकाठच्या जागेला पूररेषेचा प्रश्न असतोच. फोटो त्याचं उत्तर देत नाही, पण जलसंपदा खात्याच्या निळ्या-लाल पूररेषेबद्दल विचारायला हवं हे गिऱ्हाइकाला कळतं.

त्यानंतर चतु:सीमेचे चार तिरपे फोटो. पूर्वेचा फोटो प्लॉटच्या पश्चिमेला ६० मीटरवरून, ४५ मीटर उंचीवरून घ्यायचा, दुपारनंतर, सूर्य पाठीशी. खाली मोकळे प्लॉट असल्याने कुणाच्या घरावरून उडावं लागत नाही, फक्त त्या प्लॉटधारकांना आधी सांगायचं. यात प्लॉट, ओढा, गावठाण एका रेषेत येतात. पश्चिमेचा फोटो सकाळी साडेनऊ-दहाला, धुकं विरल्यावर, प्लॉटच्या पूर्व कडेवरून. त्यात द्राक्षबाग आणि पोल्ट्री येते. उत्तरेचा प्लॉटच्या दक्षिण कडेवरून, त्याच्या मागे जायचं नाही. मागे ७० मीटरवर तारा आहेत, आणि नेहमीप्रमाणे ४० मीटर मागे सरकलं तर तारांपासून अंतर ३० मीटरच उरतं. उच्चदाब वाहिनीच्या जवळ ड्रोनचा होकायंत्र संवेदक गडबडतो आणि वाऱ्याचा झोत त्यात भर घालतो. इथे ५० मीटरच्या आत न जाणं हा चालकाशी ठरलेला नियम होता. दक्षिणेचा फोटो रस्त्यावरून दक्षिणेकडे पाहत, यात तारा आणि मनोरा पूर्ण दिसतात.

परतीची उंची ही चालकाने सोडून द्यायची बाब नाही. संपर्क तुटला की ड्रोन ठरवलेल्या उंचीवर चढून सुटलेल्या जागी परततो. अनेक ड्रोनांत ती मुळातच ३० मीटरच्या आसपास ठेवलेली असते, आणि १३२ केव्हीचे मनोरे साधारण तेवढेच उंच असतात. इथे ती ५० मीटर ठेवली, म्हणजे मनोऱ्याच्या वर आणि ६० च्या आत. हिवाळ्यात घारी ड्रोनवर झेपावतात. तसं झालं तर सरळ खाली न आणता वर-बाजूला घेऊन मग उतरवायचं, यासाठी वरची दहा मीटर मोकळी हवीत.

तारा दाखवायच्या का

दलालाचं म्हणणं होतं की दक्षिणेचा फोटो वगळावा. दाखवावा, याला व्यवहारातलं कारण आहे. १३२ केव्ही वाहिनीचा मार्गाधिकाराचा पट्टा २७ मीटर रुंद असतो, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साडेतेरा मीटर. ७० मीटरवरचा प्लॉट त्याच्या खूप बाहेर आहे. फोटो नसेल तर गिऱ्हाईक जागेवर येऊन मनोरा पाहतं, आणि तीनपट भिंगासारखंच डोळ्यालाही तो जवळ वाटतो. फोटोत अंतर लिहिलेलं असलं तर तेच गिऱ्हाईक टेप घेऊन येतं. पोल्ट्रीचंही तसंच. वास फोटोत दिसत नाही, पण शेड १८० मीटरवर आहे हे दिसलं की ज्याला चालणार नाही तो येण्याआधीच थांबतो, आणि दोघांचाही वेळ वाचतो.

हा एकच प्लॉट पुनर्विक्रीचा आहे. हेच फोटो एखादा विकासक ५०० चौरस मीटरवरच्या किंवा आठहून जास्त प्लॉटच्या रेखांकनासाठी वापरत असेल, तर जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. मग फोटोत शेजारच्या मालकीचं तळं किंवा बाग आपल्या प्रकल्पाचा भाग असल्यासारखी दिसली, तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरून भरपाईपर्यंत जाऊ शकते.

फोटोखालची ओळ

जाहिरातीच्या बहुतेक साइट फोटो लहान करतात, त्यातली स्थळ-वेळेची माहिती काढून टाकतात आणि यादीत दाखवताना कडा कापतात. त्यामुळे खालच्या पट्टीत लिहिलेला मजकूर यादीत दिसेलच असं नाही. दिशा आणि अंतरं चौकटीच्या मधल्या दोन-तृतीयांशात लिहायची, आणि पूर्ण टीप जाहिरातीच्या मजकुरातही द्यायची. उत्तरेचा बाण प्रत्येक फोटोवर हवा, कारण तिरप्या फोटोत वर उत्तर आहे असं सगळे गृहीत धरतात. इथे पूर्वेच्या फोटोखाली असं लिहिलं:

‘पूर्व बाजू. ड्रोन छायाचित्र, जमिनीपासून ४५ मीटरवरून, १४ जानेवारी, दुपारी ३.४५. लाल खुणा हद्दीच्या तीन दगडांच्या; आग्नेय कोपऱ्याची खूण जागेवर नाही. रेघ अंदाजे, हद्दीसाठी मोजणीची क प्रत पाहावी. ओढा प्लॉटच्या कडेपासून सुमारे ४५ मीटर, हिवाळ्यातला प्रवाह. उड्डाण ६० मीटर मर्यादेच्या हिरव्या क्षेत्रात, नोंदणीकृत ड्रोन व प्रमाणित चालक. स्थानिक पोलिस ठाण्यास लेखी कळवले होते.’

‘पोलिसांच्या परवानगीने’ असं लिहू नये. पोच म्हणजे परवानगी नव्हे, आणि उद्या कुणी ठाण्यात विचारलं तर उत्तर वेगळं येईल. ‘सर्व परवानग्या घेतल्या आहेत’ हे वाक्यही टाळावं, त्यातून काहीच कळत नाही.

गावठाणाच्या बाजूच्या फोटोत घरांच्या गच्च्या, वाळत घातलेलं, अंगणातली माणसं येतात. ४५ मीटरवरून चेहरे बहुधा ओळखू येत नाहीत, पण कुणाच्या अंगणात काय चाललंय ते कळतं. तेवढा भाग पुसट करायचा. प्लॉट, ओढा, रस्ता पुसट करायचे नाहीत, आकाश बदलायचं नाही आणि तारा पुसायच्या नाहीत. उजेड-सावलीची दुरुस्ती चालते.

मूळ फाइली, स्थळाच्या माहितीसकट, वेगळ्या ठेवायच्या. परदेशातल्या गिऱ्हाइकाने मागितल्या तर त्याच पाठवायच्या, म्हणजे तो स्वतः नकाशावर ठिकाण ताडू शकेल. जाहिरात पावसाळ्यापर्यंत चालू राहिली तर ओढ्याच्या बाजूचा फोटो नव्याने काढायचा. हिवाळ्यातला ओढा ऑगस्टमध्ये दाखवत राहणं चुकीचं आहे. नव्या उड्डाणाला नकाशावरचा रंग, मनाई आदेश आणि विम्याची मुदत पुन्हा तपासावी लागते, पडद्याचं जुनं चित्र चालत नाही. आणि गच्चीवरचे फोटो सहा महिने भरले की, प्लॉट विकला गेला नसला तरी, उतरवायचे किंवा सोसायटीकडून त्याच कागदावर नवी तारीख टाकून घ्यायची.